६४ विद्यार्थी, ४० मिनिटे: नववीच्या एका वर्गाच्या व्यवस्थापनाचे प्रकरण

पूर्व नागपुरातील एका अनुदानित मराठी शाळेत नववीच्या 'ब' तुकडीला गणित शिकवण्यासाठी शिक्षण सेवक म्हणून एक शिक्षिका रुजू झाल्या. तुकडीत ६४ विद्यार्थी होते, त्यात ३८ मुले आणि २६ मुली. वर्गखोलीत २२ बाक होते आणि प्रत्येक बाकावर तिघे बसत. शाळा दुपारची असल्यामुळे आणि वेळापत्रकात गणिताची तासिका मधल्या सुट्टीला लागून आल्यामुळे त्यांना रोज सर्वांत अवघड वेळ वाट्याला येई. मुले नळावरून ओली होऊन, मैदानावरून घामाघूम होऊन आणि अर्धे भांडण तोंडात घेऊन वर्गात शिरत. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते खरी, पण जुलैतला दुपारचा दमट उकाडाही अशा खोलीत काही कमी नसतो. मी तेव्हा त्या शाळेत पर्यवेक्षक होतो. या शिक्षिकांसोबत बसून जी योजना आखली, ती कशी राबवली गेली आणि कुठे अडली, याची ही नोंद आहे.

त्यांचे गणित पक्के होते आणि टाचणही व्यवस्थित असे. तरीही दुसऱ्या आठवड्याअखेरीस त्या स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "सर, मी शिकवतच नाहीये, नुसती ओरडते आहे." कुणी सहकाऱ्याने उठाबशा काढायला लावण्याचा सल्ला दिला, कुणी वर्गप्रतिनिधीला फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहायला सांगा म्हटले. नावे लिहिण्याचा उपाय त्यांनी करूनही पाहिला होता. तीनच दिवसांत वर्गप्रतिनिधीच्या मित्रांची नावे फळ्यावरून गायब झाली, उरलेल्यांची नावे खोडण्यासाठी सौदे सुरू झाले, आणि वर्गातील कुणी आता त्या वर्गप्रतिनिधीशी नीट बोलत नाही, असा एक नवा तंटा त्याच्या माथी बसला.

कोणताही उपाय सुचवण्याआधी मी दोन दिवस मागच्या बाकावर घड्याळ घेऊन बसलो. नवीन शिक्षकाला मदत करायची असेल, तर 'वर्ग गोंगाट करतो' या वाक्यापाशी थांबू नये असे माझे ठाम मत आहे. गोंगाट कोणत्या मिनिटाला होतो ते पाहावे. मला जे दिसले ते असे होते. घंटा झाल्यापासून पहिले उदाहरण फळ्यावर येईपर्यंत ९ मिनिटे जात होती. मधल्या सुट्टीनंतर पळ काढणारे कोण हे कळावे म्हणून शिक्षिका ६४ नावांची हजेरी घेत आणि त्यातली ४ मिनिटे तिथेच संपत. समजावून सांगणे थांबवून 'आता तुम्ही सोडवा' म्हटल्यावर वह्या उघडून पेन चालू होण्यास ३ मिनिटे लागत आणि असे तासिकेत दोनदा घडे. सोडवलेले दाखवण्यासाठी दहा-बारा मुले टेबलाभोवती गोळा होत, तेव्हा शिक्षिकांना मागचे काही दिसत नसे आणि त्यात ४ मिनिटे जात. शेवटची ३ मिनिटे दप्तरे भरण्यात जात. एकूण २२ मिनिटे. चाळीस मिनिटांच्या तासिकेत शिकणे-शिकवणे १८ मिनिटांचे होते.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की त्या १८ मिनिटांत वर्ग बऱ्यापैकी शांत असे. जवळजवळ सगळी दंगल एका कामातून दुसऱ्या कामात जाण्याच्या फटींमध्ये होती. ६४ मुलांना काय करायचे हे ठाऊक नसलेले एक मिनिट म्हणजे ६४ मुले आपापल्या परीने ते मिनिट भरून काढणार. शिक्षिका मात्र या फटींत बोलणाऱ्यांना पकडून शिक्षा देऊ पाहत होत्या. म्हणून योजनेचा क्रम आम्ही उलटा ठेवला. आधी नित्यक्रम, मग नियम आणि शेवटी परिणाम. प्रत्येक गोष्टीला एकच कसोटी लावली. ही गोष्ट ६४ मुलांसोबत, आठवड्यातून सहा वेळा, वर्षभर करणे एका शिक्षिकेला परवडेल का? जे परवडणार नाही ते कितीही उत्तम असले तरी योजनेत घ्यायचे नाही, कारण दोनदा पाळून तिसऱ्यांदा सोडलेला नित्यक्रम मुलांना एवढेच शिकवतो की मॅडमचे बोलणे फारसे मनावर घ्यायचे नसते.

जागा आणि हजेरी

पहिले काम बाकांचे होते. बाकांच्या तीन रांगा भिंतीपर्यंत पसरलेल्या होत्या आणि दोन रांगांमधून दप्तरांमुळे चालता येत नव्हते. एका रविवारी शिपाईकाकांच्या मदतीने डावी व उजवी रांग भिंतीला टेकवून मधल्या दोन वाटा मोकळ्या केल्या, आणि दप्तरे वाटेत न ठेवता बाकाखाली ठेवायची असे ठरले. शिक्षिका शेवटच्या बाकापर्यंत पोहोचू शकतात की नाही, यावर पुढचे जवळजवळ सगळे अवलंबून होते. जिथे शिक्षक चालत जाऊ शकत नाही, तिथे त्याला आवाज पाठवावा लागतो, आणि मोठ्या वर्गात आवाज फार लवकर संपतो.

मग जागांचा नकाशा काढला. मुलींना नऊ आणि मुलांना तेरा बाक दिले. त्यामुळे दोन्हीकडे एकेक जागा रिकामी राहिली, आणि ती मुद्दाम पुढे वाटेलगत ठेवली. ज्यांना फळा नीट दिसत नाही किंवा कमी ऐकू येते त्यांना वर्गशिक्षकांना विचारून पुढे घेतले. बाकीच्यांना बसवताना 'हुशार पुढे, ढ मागे' हा जुना रिवाज टाळला. एकाच बाकावर उदाहरण सुरू करू शकणारा निदान एक जण असावा असे पाहिले, आणि मध्ये बसणाऱ्या मुलाकडे विशेष लक्ष दिले, कारण तिघांच्या बाकावर मधल्याची वही शिक्षकाला सर्वांत कमी दिसते. नकाशाची एक प्रत शिक्षिकांच्या वहीत लावली आणि एक टेबलाच्या काचेखाली ठेवली. आता हजेरीसाठी नावे पुकारण्याची गरज उरली नाही. मुले पहिले काम करत असताना नकाशावर रिकाम्या जागा टिपायच्या, एवढेच. चार मिनिटांचे काम अर्ध्या मिनिटावर आले. शिवाय पंधरा दिवसांत शिक्षिकांना सगळ्यांची नावे पाठ झाली. 'ए, तिसऱ्या बाकावरच्या' असे म्हणणे आणि नावाने हाक मारणे यांत मुलासाठी किती अंतर असते, ते मुलाच्या मानेच्या हालचालीतही दिसते.

पहिली पाच मिनिटे

मधली सुट्टी संपण्याच्या तीन मिनिटे आधी शिक्षिका वर्गात जाऊन फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तीन प्रश्न लिहीत आणि मग दारात उभ्या राहत. आत येणाऱ्याने थेट जागेवर जायचे, वही उघडायची, तारीख घालायची आणि ते प्रश्न सोडवायला लागायचे. दारात उभे राहण्याचा फायदा दुहेरी होता. मैदानावरचे भांडण दारातच दिसे आणि ते घेऊन येणाऱ्याला 'आधी पाणी पिऊन ये' म्हणून अर्धे मिनिट थंड होता येई.

या तीन प्रश्नांची निवड हा योजनेतला सर्वांत नाजूक भाग होता, आणि त्यावर आम्ही खूप बोललो. तेव्हा 'वास्तव संख्या' हे प्रकरण चालू होते. शिक्षिकांनी आधी तीनही प्रश्न नववीच्या पातळीचे घातले. वर्गातील वीसेक मुले फळ्याकडे पाहून पेन खाली ठेवत आणि शेजाऱ्याशी बोलू लागत. आठवीपर्यंत वरच्या वर्गात ढकलली गेलेली, भागाकार आणि अपूर्णांकात अडखळणारी बरीच मुले नववीत एकत्र येतात. त्यांच्यासाठी न येणारे उदाहरण म्हणजे रिकामा वेळच असतो. तेव्हा क्रम असा ठरला. पहिला प्रश्न सातवीच्या मुलालाही सुरू करता येईल असा घ्यायचा, उदाहरणार्थ १ ते १५ चे वर्ग लिहा. दुसरा प्रश्न कालच्या तासिकेतला, जसे √५० ला सर्वांत सोप्या रूपात लिहा. तिसरा जे पटकन सोडवतात त्यांना गुंतवणारा, जसे √५० + √१८ किती. पहिल्या प्रश्नातल्या वर्गांच्या यादीतूनच ५० = २५ × २ दिसते आणि ५√२ मिळते, त्यामुळे तिन्ही प्रश्न एकमेकांचा हात धरून येतात. उत्तरे दोन मिनिटांत फळ्यावर घेतली जात. यासाठी वेगळे गुण नव्हते, पण वही तपासताना ही पाने पाहिली जात.

हा नित्यक्रम सांगून बसत नाही, शिकवावा लागतो. पहिल्या दिवशी शिक्षिकांनी वर्गाला बाहेर नेऊन पुन्हा आत आणले, आणि त्यात दहा मिनिटे गेली. दुसऱ्या दिवशी दोनदा आणले. कुणावर रागावल्या नाहीत. 'आत येताना चौघे फळ्याजवळ थांबले, पुन्हा एकदा येऊ या' एवढेच त्या बोलल्या. चार तासिका यात अंशतः गेल्या आणि अभ्यासक्रम मागे पडेल म्हणून त्या अस्वस्थ झाल्या. मी त्यांना घड्याळाची नोंद दाखवली. रोज सहा मिनिटे वाचली तर आठवड्याला सहा तासिकांत ३६ मिनिटे, म्हणजे जवळजवळ एक अख्खी तासिका परत मिळते.

लक्ष वेधणे आणि वह्या

समजावणे आणि सोडवणे यांच्या मधली फट बुजवण्यासाठी एकच खूण ठरवली. शिक्षिका फळ्याच्या डाव्या टोकाला उभ्या राहून हात वर करत आणि सामान्य आवाजात म्हणत, 'पेन खाली, नजर इकडे.' मग गप्प उभ्या राहत. यातली अवघड गोष्ट गप्प उभे राहणे ही होती. साठ मुलांपैकी पन्नास शांत झाली की पुढचे बोलून टाकावेसे वाटतेच. पण एकदा तसे बोलले की उरलेल्या दहांना कळते, खुणेनंतरही वेळ असतो. पहिल्या आठवड्यात त्यांना वीस-पंचवीस सेकंद थांबावे लागे, नंतर पाच-सहा सेकंद पुरत. सूचना देतानाही क्रम पाळला. आधी काय करायचे, मग किती वेळ, मग झाल्यावर काय, आणि सर्वांत शेवटी 'करा'. 'करा' आधी म्हटले की पुढच्या सूचना हवेत विरतात.

वह्या तपासण्याचा प्रश्न निव्वळ अंकगणिताचा होता. एका वहीला दीड मिनिट धरले तर ६४ वह्यांना ९६ मिनिटे लागतात. रोज सगळ्या वह्या पाहणे अशक्य, आणि महिन्यातून एकदा गठ्ठा घरी नेणे निरुपयोगी, कारण चूक होऊन तीन आठवडे लोटलेले असतात. म्हणून रोज ठरलेल्या अकरा वह्या आणि शनिवारी नऊ, असा हिशेब बसवला. आज कोणाच्या वह्या, हे जागांच्या नकाशावरून आधीच ठरलेले असे. बाकावरील वाटेकडचा विद्यार्थी त्या वह्या पुढे सरकवत पहिल्या बाकापर्यंत पोहोचवी, त्यामुळे कुणी उठत नसे. टेबलाजवळ येण्यास पूर्ण बंदी होती. ज्याला अडेल त्याने हात वर करायचा, आणि शिक्षिका वाटेने त्याच्याकडे जाणार.

पाणी आणि प्रसाधनगृहासाठी दोन पुठ्ठ्याची कार्डे दाराशी टांगली, एक मुलींसाठी आणि एक मुलांसाठी. कार्ड असेल तर न विचारता घेऊन जायचे. सुरुवातीला ते फिरण्याचे निमित्त झाले, म्हणून कार्ड घेणाऱ्याने दाराजवळच्या कागदावर स्वतःचा हजेरी क्रमांक लिहावा असे ठरले आणि ते पुरेसे झाले. मासिक पाळीच्या वयातील २६ मुलींनी भर वर्गात परवानगी मागावी, अशी व्यवस्था मला कुठल्याही शाळेत मान्य नाही.

चार नियम

नित्यक्रम दोन आठवडे चालल्यावर मगच नियमांचा विषय काढला. मुलांना विचारल्यावर त्यांनी वीसेक नियम सुचवले. त्यातला मोठा भाग शिक्षांचाच होता, आणि दहा रुपये दंड ही सूचना फार लोकप्रिय झाली. दंड शिक्षिकांनी लगेच नाकारला आणि कारणही सांगितले. तो मूल भरत नाही, घर भरते, आणि ज्या घरात रोजीवर पोट आहे तिथे दहा रुपयांचे वजन वेगळे असते. चर्चेतून चार नियम उरले:

१. घंटा झाल्यावर आपल्या जागी, वही उघडी.
२. एक जण बोलत असेल तर बाकीचे ऐकतील.
३. दुसऱ्याच्या अंगाला किंवा वस्तूला हात लावायचा नाही, आणि कुणाची जात, रंग, घर किंवा आडनाव यावरून बोलायचे नाही.
४. येत नसेल तर हात वर करायचा, रिकामे बसायचे नाही.

'शिस्तीत वागा', 'मोठ्यांचा आदर करा' अशी वाक्ये यात घेतली नाहीत. नियम मोडला की नाही हे दारातून पाहणाऱ्या तिऱ्हाइतालाही सांगता आले पाहिजे, नाहीतर प्रत्येक वेळी वाद होतो आणि ६४ जणांच्या वर्गात वाद हेच मनोरंजन ठरते. चौथा नियम शिक्षिकांचा स्वतःचा होता, आणि मला तो सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण न येणे हा दोष नाही हे त्याने नियमाच्या भाषेत मान्य केले.

परिणाम

परिणामांची शिडी पाच पायऱ्यांची होती. पहिली पायरी म्हणजे न बोलता जवळ जाऊन उभे राहणे आणि शिकवणे चालूच ठेवणे. वाटा मोकळ्या केल्यामुळे हे शक्य झाले आणि बहुतेक प्रसंग इथेच मिटत. दुसरी पायरी म्हणजे बाकाजवळ वाकून, फक्त त्यालाच ऐकू येईल असे एक वाक्य. 'दुसरा नियम, बेटा. पुढचे उदाहरण सुरू कर.' आणि लगेच तिथून निघून जायचे, उत्तराची वाट पाहायची नाही. नववीच्या मुलाला सगळ्यांसमोर हरवले की तो जिंकण्यासाठी पुन्हा उभा राहतो. तिसरी पायरी म्हणजे शिक्षिकांच्या वहीत नकाशावर एक खूण, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या शेवटच्या पाच मिनिटांत दोन मिनिटांचे बोलणे. शाळा सुटल्यावर थांबवणे मुद्दाम टाळले, कारण संध्याकाळी पाचनंतर लांब सायकलवर किंवा सिटी बसने जाणाऱ्या मुलांना, विशेषतः मुलींना, थांबवणे योग्य नाही. डब्याची आणि पाण्याची वेळही कधी कापायची नाही असे ठरले. चौथी पायरी म्हणजे एका आठवड्यात तीन खुणा झाल्यास आठवडाभर पुढच्या रिकाम्या जागेवर बसणे आणि घरी फोन. पाचवी पायरी म्हणजे वर्गशिक्षक आणि पर्यवेक्षक.

खुणांचा हिशेब दर सोमवारी कोरा होत असे. मारामारी, मुलींची छेड, जातीवरून अपमान आणि वर्गात खर्रा सापडणे हे प्रकार शिडीवर नव्हतेच. ते त्याच दिवशी थेट माझ्याकडे येत. आमच्याकडे नववीतल्या मुलाच्या खिशात खर्र्याची पुडी सापडणे ही दुर्मीळ गोष्ट नाही, आणि त्याला वर्गशिस्तीचा भाग समजून उभे करण्यात काही अर्थ नसतो. तिथे पालकांना बोलावणे, दंतवैद्याला दाखवणे आणि पुडी कुठून मिळाली हे विचारणे हे काम शाळेचे आहे, कारण १८ वर्षांखालील मुलाला तंबाखू विकण्यास आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत ती विकण्यास २००३ च्या कायद्यानेच बंदी आहे.

उठाबशा, बाकावर उभे करणे, वर्गाबाहेर काढणे आणि सगळ्या वर्गाला मिळून शिक्षा, हे चार प्रकार पूर्णपणे वगळले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही मना करते. तो कायदा ६ ते १४ वयाचा, मग नववीला काय, असा प्रश्न स्टाफरूममध्ये विचारला गेला. त्याचे उत्तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्ये आहे. १८ वर्षांखालील मूल ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे त्याने त्याला मारहाण केली किंवा नाहक शारीरिक वा मानसिक यातना दिल्या, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण कायदा बाजूला ठेवला तरी या शिक्षा वर्ग चालवण्याच्या कामाच्या नाहीत. बाहेर काढलेला मुलगा ज्या उदाहरणामुळे अडला होता तेच चुकवतो आणि उद्या जास्त अडतो. सगळ्या वर्गाला शिक्षा दिली की निमूट काम करणारी चाळीस मुले शिक्षिकेच्या बाजूची राहत नाहीत, आणि मोठ्या वर्गात शिक्षकाचे खरे बळ ती चाळीस मुलेच असतात.

एक विद्यार्थी आणि एकोणीस खुणा

योजनेची पहिली कसोटी उजवीकडच्या शेवटच्या बाकावरील एका मुलाने घेतली. प्रश्न विचारला की तो उत्तराऐवजी काहीतरी मोठ्याने म्हणे आणि बाक हसे. दुसऱ्याच आठवड्यात त्याच्या तीन खुणा झाल्या. दोन मिनिटांच्या बोलण्यात शिक्षिकांनी 'असे का करतोस' हे विचारलेच नाही, कारण त्याचे उत्तर त्या वयाची मुले देत नाहीत. त्यांनी त्याची वही उघडली आणि ८४ ला ६ ने भागायला सांगितले. त्याला ते आले नाही. प्रश्न आपल्याकडे येण्याआधीच वर्गाला हसवून मोकळे व्हायचे, हा त्याचा बचाव होता.

जागा बदलून तो पुढे आला. घरी फोन केला तेव्हा आधी तक्रार मांडली नाही. "ताई, मी गणिताची मॅडम बोलते. तो रोज येतो, ते चांगलेच आहे. भागाकार कच्चा आहे, रोज पाच भागाकार घरी करून घ्याल का?" असे शिक्षिका म्हणाल्या आणि वर्गातील वागण्याचे नंतर दोन वाक्यांत सांगितले. शाळेतून फोन आला की घरी मार मिळतो हे मुलांना ठाऊक असते, त्यामुळे फोनची भाषा हाही परिणामाचाच भाग आहे. फळ्यावरचा पहिला प्रश्न काही दिवस मुद्दाम भागाकाराचा ठेवला आणि त्याचे उत्तर त्याला विचारले. ऑगस्टपर्यंत त्याचे मोठ्याने बोलणे बरेच कमी झाले. शेजाऱ्याशी कुजबुजणे मात्र वर्षभर चालूच राहिले आणि तेवढे शिक्षिकांनी सोडून दिले, ते बरोबरच केले असे मला वाटते.

खरी घसरण पोळ्याच्या सुमारास झाली. नागपुरात तान्ह्या पोळ्याला मारबत-बडग्यांची मिरवणूक निघते, महाल-इतवारीकडची मुले त्यात रंगून जातात, मागोमाग गणपती येतात, आणि आठवडाभर वर्ग अर्धा-मुर्धा भरतो. त्या दिवसांत फळ्यावरचे प्रश्न बंद पडले आणि नंतर लगेच पुन्हा सुरू झाले नाहीत. एका तासिकेत शिक्षिकांनी १९ खुणा केल्या. वही मला दाखवताना त्या म्हणाल्या, "आता ही शिडी चालत नाही." मी पुन्हा मागे जाऊन बसलो. त्या दिवशी फळ्यावरून लांबलचक उतरवून घेण्याचे काम होते. पटपट लिहिणारी मुले सहा मिनिटांत मोकळी झाली आणि पुढचे काम ठरलेले नव्हते.

तेव्हापासून एक मोजमाप आम्ही पक्के केले. एका तासिकेत चारपेक्षा जास्त खुणा झाल्या तर त्या मुलांच्या खात्यावर धरायच्या नाहीत, त्या पाठाच्या किंवा नित्यक्रमाच्या बिघाडाची सूचना समजायच्या. १९ मुलांशी प्रत्येकी दोन मिनिटे बोलायला ३८ मिनिटे लागतात, तेवढी मधली सुट्टीही नसते. जो परिणाम देता येणार नाही त्याची खूण करणे म्हणजे पोकळ धमकी. त्या १९ खुणा शिक्षिकांनी वर्गासमोर रद्द केल्या, दुसऱ्या दिवशी आत येण्याचा सराव पुन्हा एकदा घेतला आणि प्रत्येक कामाखाली 'झाल्यावर हे' अशी ओळ लिहायला सुरुवात केली. नित्यक्रम पूर्ववत व्हायला आठवडा लागला. लांब सुट्टीनंतर, विशेषतः दिवाळीनंतर, असा फेरसराव आधीच टाचणात धरावा असे त्यातून ठरले.

कसे ओळखावे आणि मर्यादा

पहिल्या सत्राच्या शेवटी मी पुन्हा घड्याळ लावले. पहिले उदाहरण आता चौथ्या मिनिटाला सुटत होते, एका कामातून दुसऱ्यात जाण्यास मिनिटाच्या आत वेळ लागत होता, आणि शिकणे-शिकवणे २९-३० मिनिटांवर गेले होते. शांतता मात्र मी मोजली नाही. भीतीने गप्प असलेला वर्ग आणि कामात गढलेला वर्ग दारातून सारखेच दिसतात. वाटेने चालत दहा वह्या पाहिल्या की फरक कळतो. गप्प वर्गात पाने कोरी असतात आणि चौथ्या नियमाचे हात कुणी वर करत नाही. 'ब' तुकडीत सोडवण्याच्या वेळी बारीक कलकल असे, आणि दर पाच-सात मिनिटांनी कुणाचा तरी हात वर जाई.

ही योजना काय करू शकली नाही, तेही सांगायला हवे. ज्या वीसेक मुलांचा पाया कच्चा आहे त्यांना ती गुंतवून ठेवते, त्यांचा पाया भरून काढत नाही. त्यासाठी वेगळी तासिका लागते, आणि ती शाळेने सकाळी अर्धा तास आठवड्यातून दोनदा दिली तेव्हाच काही फरक पडला. दुसरे असे, की या तासिकेतला नित्यक्रम पुढच्या तासिकेत आपोआप जात नाही. त्याच वर्गात दुसरे शिक्षक छडी टेबलावर आपटून शांतता आणत, आणि मुले दोन्हीकडे वेगवेगळी वागत. यावर नवीन शिक्षकाचा काही इलाज नसतो, तो विषय मुख्याध्यापकांनी शिक्षक-सभेत घ्यावा लागतो. तिसरे, पाचव्या पायरीवर मुलगा माझ्याकडे आला की त्याला दहा मिनिटांत बोलून त्याच तासिकेत परत वर्गात पोहोचवणे ही माझी जबाबदारी होती. पर्यवेक्षक मुलाला तासभर बाहेर उभे ठेवत असेल, तर खालच्या चारही पायऱ्या निरर्थक होतात.

दुसऱ्या सत्रात शिक्षिकांनी दोनच बदल केले. रांगा दर महिन्याला दोन बाक पुढे सरकवायला सुरुवात केली, म्हणजे मागचा बाक कायमचा कुणाच्या वाट्याला येत नाही. आणि जागांचा नकाशा, चार नियम व फळ्यावरच्या तीन प्रश्नांची पद्धत एका पानावर लिहून ते पान ऑफ तासिकेच्या रजिस्टरला चिकटवले, म्हणजे त्या रजेवर असताना येणाऱ्या शिक्षकाला पहिल्याच मिनिटाला ६४ नावे आणि करायचे काम दोन्ही हातात मिळते.